निघाले हजार डॉलर, मग खात्यात हजाराचे का नाही आले?

परदेशातल्या एका प्रकाशकासाठी मी भाषांतराचं काम केलं आणि हजार डॉलरचं बिल लावलं. काही दिवसांनी तिकडच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा निरोप आला, सोबत त्यांच्या बँकेच्या पानाचा फोटो: "पूर्ण हजार पाठवले आहेत." मी इंटरनेटवर डॉलरचा दर पाहिला. आकडेमोड सोपी राहावी म्हणून या लेखात तो ८० रुपये धरू. म्हणजे ८०,००० रुपये यायला हवे होते. खात्यात जमा झाले ७६,५८०.

पहिला संशय साहजिकच पाठवणाऱ्यावर गेला. त्यांनी कमी पाठवून फोटो भलताच दाखवला असेल, असं दोन दिवस मनात घोळत राहिलं. मग माझ्या बँकेत गेले, तर काउंटरवरच्या माणसाने संगणकात पाहून सांगितलं, "मॅडम, आम्हाला ९७५ डॉलरच आलेत." आता संशयाची पाळी बँकेची. पुढे कळलं की दोघंही खरं बोलत होते. हजारच निघाले होते, ९७५च पोचले होते, आणि ९७५ चे रुपये होताना आणखी काही गळलं होतं.

गळती दोन वेगळ्या ठिकाणी होते. एक वाटेत आणि दुसरी चलन बदलताना. दोन्हींचा स्वभाव अगदी निराळा आहे, आणि त्या एकत्र मोजल्या की काहीच समजत नाही. म्हणून आधी वाट बघू.

पैसा जातच नाही, निरोप जातो

परदेशातून पैसे "येतात" असं आपण म्हणतो, पण सीमेपलीकडून काहीही हलत नाही. हलतो तो फक्त निरोप: अमुक खात्यातून इतके कमी केले, तमुक खात्यात इतके वाढवा. हे निरोप सुरक्षितपणे पोचवण्यासाठी बँकांनी मिळून १९७३ मध्ये बेल्जियममध्ये एक संस्था काढली, तिचं नाव स्विफ्ट. दोनशेहून अधिक देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. "स्विफ्टने पैसे कापले" असं बरेचदा ऐकू येतं, पण स्विफ्टकडे कुणाचं खातंच नसतं, मग ती तुमच्या रकमेतून कापणार कशी? ती निरोप्या आहे. कापतात त्या निरोप वाचून खातेवहीत नोंद करणाऱ्या बँका.

आता निरोप मिळाला तरी माझ्या बँकेने त्यांच्या बँकेच्या शब्दावर मला रुपये का द्यावेत? त्यासाठी दोन्ही बँकांमध्ये खात्याचं नातं लागतं: एकीचं खातं दुसरीकडे, आणि त्यात शिल्लक. पण जगातल्या प्रत्येक बँकेने प्रत्येक बँकेत खातं उघडणं अशक्य आहे. मग ओळखीतून ओळख काढतात. एखाद्या ऑफिसात आपलं कुणी नसतं, पण आपल्या शेजाऱ्याचा मेहुणा तिथल्या साहेबाला ओळखतो, तशातलाच हा प्रकार. पाठवणाऱ्याच्या गावातल्या लहान बँकेचं खातं एका मोठ्या बँकेत असतं. माझ्या बँकेचं डॉलरचं खातं दुसऱ्या एका मोठ्या बँकेत असतं. या दोन मोठ्या बँका एकमेकींशी थेट हिशेब करू शकतात. अशी साखळी जुळली की पहिली मोठी बँक लहान बँकेच्या खात्यातून डॉलर कमी करते आणि दुसरीला देते. दुसरी ते माझ्या बँकेच्या खात्यात वाढवते. मग माझी बँक माझ्या खात्यात रुपये टाकते.

मधल्या या बँकांना मध्यस्थ बँक किंवा करस्पॉन्डंट बँक म्हणतात. डॉलरचे व्यवहार बहुधा अमेरिकेतल्या मोठ्या बँकांमधून जातात, मग पाठवणारा आणि घेणारा दोघांचाही अमेरिकेशी संबंध नसला तरी. कारण डॉलरचा अखेरचा हिशेब तिथल्याच यंत्रणांवर मिटतो.

वाटेतल्या बँका आपला मेहनताना कुठून घेतात?

मधल्या बँकेलाही काम असतंच. तिला निरोप वाचावा लागतो, निर्बंधांच्या यादीत कुणाचं नाव आहे का ते तपासावं लागतं, नाव-पत्ता अर्धवट असेल तर विचारणा करावी लागते. त्याचे ती पैसे घेते. साधारण १० ते ३० डॉलर हा नेहमी दिसणारा आकडा आहे. तिला ते सोपं पडतं असं एकच ठिकाण असतं: तिच्या हातून जाणारी रक्कम. मी तिची ग्राहक नाही, पाठवणारा प्रकाशकही नाही. ती आम्हाला बिल पाठवू शकत नाही. म्हणून ती हजार घेते आणि पुढे ९८५ सरकवते.

हे करायची परवानगी तिला पाठवणाऱ्याच्या अर्जातल्या एका लहानशा चौकटीतून मिळते. खर्च कुणाचा, असा प्रश्न तिथे असतो आणि उत्तरं तीन. OUR म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. BEN म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. SHA म्हणजे वाटून: पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचं शुल्क भरायचं, त्यापुढचं सगळं घेणाऱ्याच्या माथी. बऱ्याच अर्जांत SHA आधीच निवडलेलं असतं आणि कुणी ते बदलत नाही. "वाटून" हा शब्द ऐकायला निम्मा-निम्मा वाटतो, पण वाटणी रकमेची नसते, वाटेची असते. पहिली पायरी त्यांची आणि उरलेला जिना आपला.

दुसरी गळती: दर

इंटरनेटवर जो दर दिसतो तो मधला दर असतो. मोठ्या बँका आपसात चलन विकत घेताना एक भाव लावतात, विकताना दुसरा. त्या दोहोंच्या बरोबर मधला आकडा म्हणजे हा. या भावाने कुणीच तुमच्याशी व्यवहार करायला बांधलेला नाही. तो पोस्टाच्या पाकिटावर लिहिलेली किंमत नव्हे, बाजार कुठे आहे हे सांगणारी खूण आहे.

जुनं सोनं मोडायला गेलं की सराफ पाटीवरच्या भावाने पैसे देत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि त्यात नवल वाटत नाही. परदेशातून डॉलर आले तेव्हा मी नेमकी तीच गोष्ट करत होते: बँकेला डॉलर विकत होते. विकणारी मी आणि घेणारी ती, म्हणजे भाव तिचा. माझ्या बँकेने ८० ऐवजी ७८.८० लावला. मधला दर आणि लावलेला दर यांतल्या फरकाला मार्जिन म्हणतात. इथे ते डॉलरमागे १ रुपया २० पैसे, म्हणजे दीड टक्का झालं.

शुल्क आणि मार्जिन यांतला खरा फरक दिसण्यातला आहे. शुल्क पासबुकात ओळ बनून येतं. मार्जिनची ओळ कुठेच नसते. बँकेच्या कागदावर "दर ७८.८०" एवढंच छापलेलं असतं. शेजारी ८० लिहिलेलं नसतं, त्यामुळे काही गेलं आहे असं वाटतच नाही. याला काटा मारणं म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. दर बँकेने जाहीर केलेला असतो, लपवलेला नसतो. फक्त तो कशाशी ताडून बघायचा हे ग्राहकाला कुणी सांगत नाही.

३,४२० रुपयांची फोड

आता माझा हिशेब मांडते.

हजार डॉलर निघाले. पहिल्या मध्यस्थ बँकेने १५ डॉलर घेतले, दुसरीने १०. माझ्या बँकेकडे ९७५ पोचले. तिने ७८.८० ने गुणले: ७६,८३० रुपये. त्यातून परदेशी रक्कम जमा करण्याचं आपलं शुल्क २५० रुपये वजा केलं. जमा ७६,५८०.

अपेक्षा ८०,००० ची होती, म्हणजे कमी आले ३,४२० रुपये. वाटेत गेलेले २५ डॉलर मधल्या दराने २,००० रुपये होतात. दरातला फरक ९७५ गुणिले १.२०, म्हणजे १,१७० रुपये. माझ्या बँकेचं शुल्क २५०. बेरीज बरोबर ३,४२०. काहीही हरवलं नव्हतं, प्रत्येक रुपयाला मालक होता.

बँकेत भांडायला गेले तेव्हा मी २५० रुपयांवर भांडले होते, कारण तेवढाच आकडा पासबुकात दिसत होता. सगळ्यात लहान तुकडा तोच होता.

रक्कम बदलली की गुन्हेगार बदलतो

हजाराऐवजी शंभर डॉलर आले असते तर? मधल्या बँका शंभरातूनही तेच २५ घेतात, कारण निरोप वाचायचं काम तेवढंच असतं. उरले ७५. त्यांचे ५,९१० रुपये, त्यातून २५० गेले की ५,६६०. अपेक्षा ८,००० ची. म्हणजे जवळजवळ तीस टक्के गायब, आणि त्यातला दराचा वाटा फक्त ९० रुपये.

आता वीस हजार डॉलर घेऊ. वाटेत पुन्हा २५ गेले, तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. १९,९७५ चे झाले १५,७४,०३० रुपये, शुल्क वजा जाऊन १५,७३,७८०. सोळा लाखांच्या अपेक्षेपेक्षा २६,२२० कमी. टक्क्यांत पाहिलं तर फार नाही, दीडच्या थोडं वर. पण या २६,२२० पैकी २३,९७० एकट्या दराने नेले.

माझ्या आकड्यांनुसार, बँकेचे २५० वाटेतल्या गळतीत धरले तर, दोन्ही गळत्या साधारण १,९०० डॉलरपाशी सारख्या होतात. तुमच्या बँकेचे आकडे वेगळे असतील तर हा बिंदू सरकेल, पण असा एक बिंदू असतोच. त्याच्या खाली असाल तर रक्कम किती तुकड्यांत येते ते बघा. पाचशेची दोन बिलं लावली तर हजाराच्या एका बिलापेक्षा २५ डॉलर आणि २५० रुपये जास्त जातात. त्याच्या वर असाल तर तुकडे विसरा आणि दरावर बोला.

आणि दरावर बोलता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बँकेच्या शाखेत किंवा संकेतस्थळावर लागलेला दर लहान रकमांसाठीचा असतो, त्याला बँकेतली माणसं कार्ड रेट म्हणतात. मोठी रक्कम असेल तर शाखेतून बँकेच्या परकीय चलन विभागाला विचारून त्याहून चांगला दर घेता येतो. वीस हजार डॉलरवर डॉलरमागे ५० पैसे जरी सुटले तरी दहा हजार रुपये होतात. अट एकच, हे रुपये होण्याआधी विचारावं लागतं. काही बँकांत रक्कम आली की यंत्र आपोआप कार्ड रेटने रुपये करून टाकतं. त्यानंतर गेलात तर शाखेतला माणूस हळहळेल, पण नोंद फिरवणार नाही. म्हणून मोठी रक्कम येणार असेल तर आधीच सांगून ठेवावं.

"पण मी त्यांना OUR निवडायला सांगितलं होतं"

मीही पुढच्या बिलाला सांगितलं. तिकडच्या बाईंनी तसं केलं, त्यांच्या बँकेने त्यांच्याकडून जादा शुल्क घेतलं, आणि तरीही माझ्याकडे ९९० पोचले. याचं कारण असं की OUR निवडल्यावर पाठवणाऱ्याची बँक पुढच्या खर्चाचा एक ठोकळ अंदाज करून पैसे घेते. वाटेतल्या बँकेला तो पुरेसा वाटला नाही तर तिने पाठवणाऱ्या बँकेकडे मागणी करायची असते. दहा डॉलरसाठी पत्रव्यवहार कोण करत बसणार? काही बँका सरळ रकमेतून उचलतात. म्हणून काही मोठ्या बँका "पूर्ण रक्कम पोचेल" अशी हमी असलेलं OUR वेगळं आणि महाग विकतात. साधं OUR ही सूचना असते, हमी नसते.

दुसरं, OUR चा दराशी काडीचा संबंध नाही. वाटेतली गळती शून्य झाली तरी मार्जिन तसंच राहतं. उलट हजारातले सगळे हजार आले तर मार्जिन ९७५ ऐवजी हजारावर लागतं, एवढाच काय तो बदल.

"मग त्यांनी रुपयेच पाठवावेत, म्हणजे भानगड नको"

हे सुचणं स्वाभाविक आहे आणि कधी कधी बरोबरही आहे. पण चलन बदलायचं काम त्यामुळे टळत नाही, फक्त जागा बदलते. आता रुपये तिकडची बँक करणार, तिच्या दराने. डॉलर-यूरोसारखी सतत फिरणारी जोडी सोडली तर कमी खपाच्या चलनांवर बँका मार्जिन जास्त ठेवतात. समजा तिने ७७.५० लावला. मात्र रुपयांची साखळी आखूड असू शकते, म्हणून मध्ये कुणी कापलं नाही असं धरू. हजाराचे ७७,५०० झाले, माझ्या बँकेचे २५० गेले, हाती ७७,२५०. माझ्या मूळ ७६,५८० पेक्षा बरेच! पण वीस हजार डॉलर असते तर याच वाटेने १५,४९,७५० आले असते, म्हणजे आधीच्या हिशेबापेक्षा चोवीस हजार रुपये कमी. दर वाईट असला तरी लहान रकमेला आखूड वाट परवडते, मोठ्या रकमेला परवडत नाही.

यात एक फसवा भाग आहे. अशा व्यवहारात पाठवणाऱ्याला सांगितलेला रुपयांचा आकडा आणि माझ्याकडे आलेला आकडा जुळतो, फार तर २५० चा फरक. त्यामुळे सगळं स्वच्छ वाटतं. मार्जिन आकडा जाहीर होण्याआधीच निघून गेलेलं असतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोनदा बदल. पाठवणाऱ्याचं खातं यूरोत, बिल डॉलरमध्ये, घेणाऱ्याचं खातं रुपयांत. यूरोचे डॉलर होताना एक मार्जिन, डॉलरचे रुपये होताना दुसरं. पहिलं मार्जिन पाठवणाऱ्याच्या खिशातून जातं, म्हणून घेणाऱ्याला ते दिसत नाही. पण पाठवणारी व्यक्ती घरचीच असेल तर खिसा एकच.

"अमुक कंपनी तर शून्य शुल्क घेते"

पैसे पाठवण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या बहुतेकदा मध्यस्थ बँकांची साखळीच टाळतात. त्यांची खाती दोन्ही देशांत असतात आणि त्यात आधीच पैसे भरलेले असतात. तिकडे तुमच्याकडून डॉलर घेतले की इकडच्या खात्यातून रुपये दिले. दिवसभरात दोन्ही दिशांनी झालेले व्यवहार एकमेकांत वळते करून फक्त उरलेला फरक त्या बँकेमार्फत हलवतात. त्यामुळे वाटेत कुणी कापत नाही आणि सांगितलेली रक्कम पूर्ण पोचते, हे खरंच आहे.

पण शून्य शुल्क म्हणजे शून्य खर्च नव्हे. जिथे शुल्क शून्य असतं तिथे कमाई दरात असते, आणि पहिल्या व्यवहाराला दिलेला सुंदर दर दुसऱ्या व्यवहाराला तसाच असेल असं नाही. उलटही असतं: एखादी कंपनी मधलाच दर देते आणि शुल्क उघडपणे घेते. या दोघींची तुलना शुल्कावरून करणं व्यर्थ, दरावरूनही व्यर्थ. पाठवणाऱ्याच्या खात्यातून एकूण इतके गेले तर घेणाऱ्याच्या खात्यात किती रुपये पडतील, एवढा एकच आकडा एकाच वेळी दोन्हीकडे बघायचा.

जागतिक बँक गेली अनेक वर्षं अशाच पद्धतीने पैसे पाठवण्याचा खर्च मोजते, म्हणजे शुल्क अधिक दरातलं मार्जिन. दोनशे डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो, असं तिचे आकडे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलेलं आहे.

"किती पोचतील हे आधी का सांगत नाहीत?"

कारण पाठवणाऱ्या बँकेला बहुधा पूर्ण वाट माहीत नसते. तिला पहिला टप्पा माहीत असतो, पुढची बँक त्यापुढचा टप्पा ठरवते. आणि दर तर रक्कम पोचल्यानंतर दुसऱ्याच देशातली बँक लावणार असते.

तरी कायद्याने भाग पाडलं की सांगता येतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ पासून व्यक्तींनी घरगुती कारणासाठी परदेशी पाठवलेल्या रकमेबाबत दर, शुल्क आणि पोचणारी रक्कम पैसे घेण्याआधी दाखवावी लागते, काही बाबतींत अंदाज चालतो. पण हा नियम कंपनीने भरलेल्या बिलाला लागू नाही, त्यामुळे माझ्यासारखीला त्याचा उपयोग नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्रात तिथल्याच चलनांतल्या अंतर्गत व्यवहारांमध्ये मधल्या बँकेला मूळ रकमेतून कापताच येत नाही. म्हणजे ही गळती निसर्गनियम नव्हे, जिथे बंद करायची ठरवली तिथे बंद झाली.

कागद मागायचा तर कोणता?

पाठवणाऱ्याचा पानाचा फोटो निरुपयोगी असतो. त्याच्याकडे पहिल्या टप्प्याची नोंद असते आणि तिथे हजारच दिसणार. कापलेलं दिसतं ते आपल्या बँकेकडे आलेल्या निरोपात. या निरोपाचं जुनं नाव MT103, आणि बँकेत अजूनही तेच म्हणतात. त्या जुन्या साच्यातल्या कामाच्या ओळी अशा असायच्या:

```
:32A:250310USD975,
:33B:USD1000,
:71A:SHA
:71F:USD15,
:71F:USD10,
```

33B म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम. 71A मध्ये खर्च कुणाचा ते. 71F ची प्रत्येक ओळ म्हणजे वाटेत झालेली एक वजावट. 32A मध्ये तारीख आणि पोचलेली रक्कम. हजारातून दोन्ही वजावटी काढल्या की ९७५ यायला हवेत. आले तर वाटेचा हिशेब मिटला. न आले तर मात्र बँकेला लेखी विचारण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरा कागद आपल्या बँकेची जमा पावती. तिच्यावर किती डॉलरचे, कोणत्या दराने, किती रुपये केले ते असतं. तो दर त्याच दिवसाच्या मधल्या दराशी ताडायचा. बिल लावलं त्या दिवसाच्या दराशी नाही, ही चूक मी केली होती. मधल्या काळात बाजार हलला असेल तर तो फरक कुणीच खाल्लेला नसतो, आणि तो तुमच्या बाजूनेही हललेला असू शकतो. पावतीवर डॉलरचा आकडा नसेल, नुसते रुपये असतील, तर दोन्ही गळत्या वेगळ्या करता येत नाहीत. तो आकडा मागून घ्यावाच लागतो.

रक्कम अडकली किंवा उशीर झाला तर पाठवणाऱ्याकडून UETR मागावा. हा छत्तीस चिन्हांचा क्रमांक प्रत्येक व्यवहाराला मिळतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो, त्यावरून रक्कम कुठल्या बँकेत आहे ते बँकेला शोधता येतं.

जुन्या निरोपात एक उणीव होती. 71F मध्ये किती कापले ते असायचं, कुणी कापले ते नसायचं. नोव्हेंबर २०२५ पासून सीमेपलीकडच्या पैशांचे निरोप नव्या साच्यात जातात, त्याचं नाव pacs.008. त्यात ChrgsInf या भागात रकमेसोबत कापणाऱ्या बँकेची ओळखही येते. गेल्या बिलाच्या वेळी मी बँकेतून तो कागद काढून घेतला. १५ डॉलर घेणाऱ्या बँकेचं नाव पहिल्यांदाच वाचलं. मी कधीही न पाहिलेल्या शहरातली, मी कधीही न ऐकलेली बँक होती. ते नाव मी तिकडच्या बाईंना कळवलं. त्यांनी आपल्या बँकेला विचारलं, तेव्हा समजलं की त्यांच्याच बँकेची दुसरी एक वाट होती, एका मध्यस्थाने आखूड. अर्जात ती मागावी लागते, इतकंच.